आधी पाण्याला वाट, मग डांबर

पिंपळबर्डी, ता. रावेर, जि. जळगाव
१८ फेब्रुवारी २०२६

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पिंपळबर्डी गावापासून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गाच्या फाट्यापर्यंतचा आमचा रस्ता साधारण साडेचार किलोमीटरचा आहे. त्यातला सव्वा किलोमीटरच्या आसपासचा भाग वाहतुकीला धोकादायक झाला आहे. उरलेला रस्ता चांगला आहे. ‘अख्ख्या रस्त्याची चाळण झाली’ अशा तक्रारी वाचून वाचून संबंधितांचे कान किटले असतील, म्हणून हे आधीच सांगतो. आमचे म्हणणे त्या सव्वा किलोमीटरपुरतेच आहे आणि जूनच्या आत करता येईल एवढीच आमची मागणी आहे.

खराब भाग दोन ठिकाणी आहे. गाव सोडल्यावर वळणाशी नाल्यावर जुनी मोरी आहे, तो पहिला. दुसरा त्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत तिथला सखल पट्टा. मोरीजवळचा सर्वांत मोठा खड्डा मागच्या आठवड्यात आम्ही काही गावकऱ्यांनी टेपने मोजला. रुंदी चार फूट आणि खोली नऊ इंच भरली. त्याच्या तुटक्या कडेवर रस्त्याचे सगळे थर उघडे पडले आहेत. वर बोटभर डांबरी थर, त्याखाली चिखलात मिसळलेली खडी आणि तळाशी काळी माती. पाऊस जाऊन चार महिने झाले, तरी ती माती हातात घेतली तर ओली लागते. हवी तशी वळते, मूठ उघडली तरी आकार धरून राहते. सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

तापीकाठची आमची काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून तडकते. शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. अशा जमिनीवरचा रस्ता तळ कोरडा असेपर्यंतच टिकतो. एकदा पाणी खाली शिरले की माती मऊ पडते, वरून भरलेली गाडी गेली की थर दबतो, डांबरावर जाळीदार भेगा उमटतात आणि त्या भेगांतून आणखी पाणी आत जाते. खड्डा ही त्यातली शेवटची पायरी आहे. आमच्या शेजारच्या एका वयस्क शेतकऱ्याने हे एका वाक्यात सांगितले होते, “रस्त्याले पानी खाते, गाडी नही.”

आता हे पाणी येते कुठून, तर मोरीचे दोन्ही नळे गाळाने जवळजवळ बुजले आहेत. पावसाळ्यात नाल्याचे पाणी मोरीखालून जायचे ते रस्त्यावरून जाते. सखल पट्ट्यात रस्त्याच्या कडेची गटार उरलेली नाही. केळीला बारा महिने पाणी लागते. बागेतून झिरपणारे, ठिबकच्या नळ्या धुतल्यावर सोडलेले पाणी गटारीअभावी साईडपट्टीवर थांबते आणि तिथून रस्त्याच्या पोटात उतरते. म्हणून हा पट्टा ऐन फेब्रुवारीतही खचतो. नुसत्या पावसाने रस्ता गेला असता तर उन्हाळ्यात त्याने थोडी तरी तग धरली असती.

यात गावाचाही वाटा आहे आणि तो लपवून पत्र लिहिणे बरोबर होणार नाही. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी काही ठिकाणी गटारीवर मुरूम टाकून ती बंद केली गेली. पाईपलाईन टाकताना रस्ता आडवा खोदला गेला आणि वरून नुसती माती लोटली गेली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत यावर मोकळेपणाने बोलणे झाले. ज्यांच्या शेतापुढे गटार बुजली आहे त्यांनी ती आपापल्या खर्चाने मोकळी करायची, शेतात जाण्यासाठी सिमेंटचा नळा टाकूनच वाट करायची आणि यापुढे परवानगीशिवाय रस्ता खोदायचा नाही, असा ठराव एकमताने झाला. पावसाळ्याची वाट न बघता काही शेतकऱ्यांनी कामाला हातही घातला आहे. मोरी मात्र गावकऱ्यांच्या हातची नाही. तिथे मोठे नळे टाकावे लागतील, नाल्याचे तोंड दोन्ही बाजूंनी साफ करावे लागेल आणि ते यंत्रणेलाच करावे लागेल.

दरवर्षी इथे दुरुस्ती होत नाही असे नाही. गणपतीच्या आधी मुरूम येतो, खड्ड्यात ओतला जातो, वरून एखादा ट्रॅक्टर फिरतो. पुढच्या दोन पावसांत तो मुरूम वाहून नाल्यात जातो आणि मोरी आणखी बुजते, म्हणजे दुरुस्तीच पुढच्या बिघाडाला हातभार लावते. खड्डा नीट बुजवायची रीत ठरलेली आहे. कडा चौकोनी आणि सरळ उभ्या कापायच्या, सैल खडी आणि चिखल पूर्ण काढायचा, तळ कोरडा करायचा, डांबराचा पातळ हात द्यायचा, मग डांबरमिश्रित खडी थराथराने भरून रोलरने दाबायची. त्यासाठी कोरडी हवा लागते. खान्देशात मार्च ते मे एवढी कोरडी हवा दुसऱ्या कुठल्या कामाला मिळत असेल! हे तीन महिने हातचे गेले तर पुढचे वर्ष पुन्हा मुरमावर निघेल.

याची झळ कोणाला बसते, तेही सांगतो. रावेर-यावल पट्टा केळीवर जगतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण मालाचा भाव शेवटी सालीवर ठरतो. मोरीपलीकडे भरलेली मोठी गाडी न्यायला चालक तयार होत नाहीत. मग कापलेले घड बागेतून ट्रॅक्टरमध्ये भरायचे, फाट्यापर्यंत न्यायचे, तिथे उतरवून पुन्हा ट्रकमध्ये रचायचे. एका मालाला दोनदा हात लागतो, मजुरी दोनदा जाते आणि खड्ड्यांच्या हिसक्यांनी फळ फळावर घासते. कापताना हिरवीगार दिसणारी फणी पिकली की तिच्या सालीवर काळे डाग उमटतात. व्यापारी बऱ्हाणपूरच्या भावाची गोष्ट करतो आणि डाग दाखवून त्यातून कापतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण डाग खरेच असतात.

ट्रॅक्टरवाल्याचे नुकसान निदान पैशात मोजता येते. आठवीपासून पुढची मुले-मुली शाळेसाठी सायकलने फाट्याकडे जातात. सखल पट्ट्यात साईडपट्टी डांबरापेक्षा वीतभर खाली गेली आहे. समोरून ट्रॉली आली की सायकल खाली उतरवावी लागते आणि त्या उतरत्या कडेवरून चाक घसरते. गेल्या दिवाळीनंतर नववीतली एक मुलगी अशीच पडली, मनगटाचे हाड मोडले, सहामाहीनंतरचे वर्ग बुडाले. तिच्या घरच्यांनी आता तिला सायकल द्यायचे बंद केले आहे. बस मोरीच्या पलीकडूनच परत फिरते, त्यामुळे ज्या दिवशी कोणी सोडणारे नसेल त्या दिवशी शाळा बुडते. आमच्या गावात मुलींना पुढे शिकवायला आत्ता कुठे घरे राजी होऊ लागली आहेत. एका मोरीपायी त्यांनी मागे फिरावे, हे मला फार लागते. १०८ची रुग्णवाहिकाही रात्री मोरीशी थांबते आणि बाळंतिणीला तिथपर्यंत घरच्या गाडीने आणावे लागते.

अडचण पैशांची असेल तर आमची सूचना खर्च वाढवणारी नाही. साडेचार किलोमीटर नव्याने डांबरीकरण करा असे आम्ही म्हणत नाही. उलट, मोरी आणि गटार तशीच ठेवून अख्ख्या रस्त्यावर नवा थर टाकला तर तो पैसा त्याच दोन ठिकाणी पुन्हा पाण्यात जाईल, आणि तसे होऊ नये अशी आमची विनंती आहे. आधी मोरी, मग गटार, मग सव्वा किलोमीटरचा तळ उकरून पक्की दुरुस्ती, या क्रमाने काम व्हावे. क्रम उलटा झाला तर काम झाल्याचा फोटो निघेल, रस्ता टिकणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्यासाठीच वर्तमानपत्राचा आधार घ्यावा लागतो. हा रस्ता नेमका कोणाचा, हे आम्हाला ठामपणे कोणी सांगत नाही. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, एवढे आम्हाला कळते. आमच्या रस्त्याचा दर्जा वाढवण्याचा प्रस्ताव गेल्याचे एका कार्यालयात सांगितले जाते. दुसऱ्या कार्यालयात रस्ता अजून आमच्याकडे वर्ग झालेला नाही असे उत्तर मिळते. दोन्ही ठिकाणी माणसे नीट बोलतात, चहाही विचारतात. पण अर्जावर शिक्का घेऊन आम्ही परततो आणि मोरी तशीच राहते. कागद कुठे अडला आहे हे ठरेपर्यंत देखभालीची जबाबदारी कोणाची, एवढे एक वाक्य दोघांपैकी कोणीतरी लेखी द्यावे.

याआधीच्या डांबरीकरणाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो याची माहिती आम्ही माहिती अधिकारात मागितली आहे. त्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, तोही आम्ही वापरणार आहोत. कोणाला अडकवावे हा त्यामागे हेतू नाही. कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि शासनाचा पैसा वाचतो, म्हणून ही तारीख कळणे सर्वांच्याच सोयीचे आहे. खड्डे नसलेला चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटले आहे. आम्हाला त्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागू नये.

तेव्हा आमची विनंती अशी. मार्च महिन्यात संबंधित अभियंत्यांनी गावकऱ्यांसोबत मोरीवर उभे राहून एकदा पाहणी करावी. शक्य तर ती सकाळी करावी, म्हणजे बागांतून आलेले पाणी साईडपट्टीवर साचलेले दिसेल. मोरी आणि गटारीचे काम एप्रिलमध्ये आणि पक्की दुरुस्ती मे अखेरपर्यंत व्हावी. काम सुरू होताना ठेकेदाराचे नाव, कामाची रक्कम आणि दोषदायित्वाची तारीख लिहिलेला फलक दोन्ही टोकांना लावावा. तोपर्यंत मोरीच्या दोन्ही बाजूंना रात्री चमकणारे सूचनाफलक आणि पांढरे रंगवलेले दगड लावावेत. हे एवढे काम तर याच आठवड्यात होऊ शकते, आणि दगड रंगवायला गावातली तरुण मुले तयार आहेत.

मोजमापे, मोरीची आणि खड्ड्याच्या कडेची छायाचित्रे, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि आतापर्यंतच्या अर्जांच्या पोचपावत्या या पत्रासोबत जोडल्या आहेत. आपल्या वार्ताहरांनी प्रत्यक्ष येऊन पाहावे, आम्ही सोबत येऊ. संबंधित कार्यालयाने खुलासा पाठवला तर तोही आपण याच सदरात छापावा. आमच्या लिहिण्यात काही चूक निघाली तर ती आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू.

आपला,
सुधाकर महाजन
केळी उत्पादक शेतकरी
पिंपळबर्डी, ता. रावेर, जि. जळगाव