टिपणवही, आवृत्ती ५.३ : दुरुस्त झालेले दोष आणि शिल्लक अडचणी

टिपणे आणि स्मरणसूचना ठेवणाऱ्या टिपणवही या अॅपच्या या आवृत्तीत नवी सोय एकही नाही. गेल्या काही महिन्यांत वापरकर्त्यांनी कळवलेल्या तक्रारींपैकी ज्यांमुळे मजकूर हरवत होता किंवा स्मरणसूचना चुकत होती, त्या आम्ही आधी हाती घेतल्या. कोणते दोष दूर झाले, कोणते अजून आहेत आणि तोवर काय काळजी घ्यावी, हे खाली दिले आहे. तुम्ही टिपणवही एकापेक्षा अधिक ठिकाणी, म्हणजे फोनवर आणि संगणकावर वापरत असाल, तर निदान पहिला भाग अपडेट करण्यापूर्वी वाचावा, ही विनंती.

दोन ठिकाणी बदललेले टिपण

एकच टिपण इंटरनेट नसताना फोनवरही बदलले आणि संगणकावरही बदलले, तर जे यंत्र नंतर इंटरनेटला जोडले जाई त्यावरचा मजकूर राहत असे आणि दुसरा कोणतीही सूचना न देता पुसला जात असे. आता दोन्ही मजकूर जपले जातात. मूळ टिपणाखाली ‘दुसरी प्रत’ या नावाने वेगळे टिपण दिसते, ते कोणत्या यंत्रावर व केव्हा लिहिले होते तेही तिथेच नमूद असते आणि त्यातले काय ठेवायचे, हे तुम्ही ठरवता. तुम्ही स्वतः पुसेपर्यंत कोणतीही प्रत आपोआप जात नाही.

मात्र ही दुरुस्ती सगळ्या यंत्रांवर नवी आवृत्ती असेल तरच पूर्ण लागू होते, कारण जुनी आवृत्ती असलेले यंत्र अजूनही पूर्वीप्रमाणेच मजकूर पुसून टाकू शकते. म्हणून शक्यतो एकाच दिवशी सर्व यंत्रे अपडेट करावीत. एखादे यंत्र बरेच दिवस इंटरनेटला जोडलेले नसेल आणि त्यावर महत्त्वाचे लेखन असेल, तर ते जोडण्यापूर्वी तो मजकूर दुसरीकडे उतरवून ठेवावा. यापूर्वी पुसला गेलेला मजकूर या अपडेटमुळे परत येणार नाही. तो फक्त तुम्ही स्वतंत्रपणे घेतलेल्या बॅकअपमधून मिळू शकेल.

महिन्याच्या अखेरच्या स्मरणसूचना

‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ अशी सूचना लावली, तर ज्या महिन्यात ३१ तारीखच नसते त्या महिन्यात ती वाजत नसे. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर असे वर्षातले पाच महिने ती गप्प राहत होती. भाडे किंवा हप्ता भरण्यासाठी या सोयीवर विसंबणाऱ्यांना याचा थेट फटका बसत होता. आता अशी सूचना त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येईल. २९ व ३० तारखेच्या सूचनांनाही फेब्रुवारीत हाच नियम लागू होईल, आणि २९ फेब्रुवारीची वार्षिक सूचना इतर वर्षी २८ फेब्रुवारीला येईल. तुमच्या जुन्या सूचना आम्ही परस्पर बदललेल्या नाहीत. अपडेटनंतर अॅप पहिल्यांदा उघडाल तेव्हा अशा सूचनांची यादी समोर येईल. प्रत्येकीसाठी नवा नियम हवा की जुना, ते तिथे निवडावे.

प्रवासात बदलणारी वेळ

दुसऱ्या देशात गेल्यावर, जिथे घड्याळ पुढे किंवा मागे करावे लागते तिथे, सकाळी आठची सूचना भलत्याच वेळी, कधी मध्यरात्री येत असे. ‘सकाळी आठ’ म्हणजे जिथे असाल तिथले आठ, की घरचे आठ, हे अॅपला कळत नव्हते. प्रत्येक सूचनेसाठी आता दोन पर्याय आहेत. रोजच्या व्यायामासारख्या कामासाठी ‘जिथे असेन तिथल्या वेळेनुसार’ हा पर्याय योग्य आहे, तर दूर असलेल्या माणसाशी ठरलेल्या बैठकीसाठी ‘ठरलेल्या क्षणी’ हा पर्याय निवडावा. जुन्या सर्व सूचना पहिल्या प्रकारात ठेवल्या आहेत, त्यामुळे बैठकींच्या सूचना एकदा स्वतः तपासून घ्याव्यात.

शोध आणि इतर दुरुस्त्या

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द टिपणात असूनही शोधल्यावर सापडत नसत. त्यांतले ‘ऱ्या’ किंवा ‘ऱ्हा’ असे अक्षर वेगवेगळे कळफलक वेगवेगळ्या पद्धतीने साठवतात. डोळ्यांना ते सारखेच दिसते, पण अॅप त्यांना निराळे समजत होते. आता ते एकच मानले जाते आणि पूर्वी लिहिलेली टिपणेही शोधात येतात. अपडेटनंतर अॅप सर्व टिपणांची शोधसूची नव्याने तयार करते. टिपणे पुष्कळ असल्यास तेवढा वेळ शोध अपुरा वाटेल.

उभे काढलेले छायाचित्र टिपणात आडवे दिसण्याचा दोष दूर झाला आहे. फोनची अक्षरे सर्वांत मोठी ठेवल्यास ‘जतन करा’ हे बटण पडद्याबाहेर जात असे, ते आता नेहमी दिसते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्या दृष्टिहीन वापरकर्त्यांना खालच्या पट्टीतल्या चारही खुणा केवळ ‘बटण’ म्हणून ऐकू येत होत्या. आता प्रत्येक खुणेचे काम उच्चारले जाते. ही दुरुस्ती खरे तर फार आधी व्हायला हवी होती.

अजून शिल्लक असलेल्या अडचणी

सर्वांत गंभीर अडचण उशिरा येणाऱ्या सूचनांची आहे. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी, बरेच दिवस न उघडलेल्या अॅपचे काम थांबवतात, आणि मग सूचना उशिरा येते किंवा अॅप उघडेपर्यंत येतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीच्या विभागात टिपणवहीसाठी ‘मर्यादा नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडल्यास फरक पडतो. त्याचे नाव व जागा प्रत्येक फोनवर निराळी असते. फोनच्या सेटिंगमधून अॅप सक्तीने थांबवले असेल, तर ते पुन्हा उघडेपर्यंत एकही सूचना येणार नाही. हे पूर्णपणे आमच्या हाती नाही, म्हणून वेळेवर घ्यायच्या औषधांसाठी केवळ टिपणवहीवर अवलंबून राहू नये आणि फोनच्या घड्याळातला गजरही लावावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

टिपणाची पीडीएफ पडद्यावर आणि कागदावर नीट दिसते, परंतु तिच्यातला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवल्यास जोडाक्षरे विस्कटतात. मजकूर पुढे वापरायचा असेल, तर तूर्त ‘साधा मजकूर’ या स्वरूपात पाठवावा.

कुलूप लावलेल्या टिपणात फोनच्या गॅलरीतून छायाचित्र घातले, तर टिपणातल्या प्रतीलाच कुलूप लागते आणि मूळ छायाचित्र गॅलरीत सर्वांना दिसत राहते. ओळखपत्रांसारखी छायाचित्रे ठेवणाऱ्यांनी मूळ प्रत स्वतः पुसावी, पण त्याआधी टिपण उघडून छायाचित्र पूर्ण दिसते ना, याची खात्री करावी. पुढील आवृत्तीत अॅप त्या वेळी तशी आठवण करून देईल.

फोनच्या मुख्य पडद्यावर ठेवलेली कामांची यादी कधी कधी मागे पडते आणि पूर्ण केलेले काम तिथे तसेच दिसते. अॅपमधली नोंद बरोबर असते आणि अॅप उघडताच यादीही सुधारते.

यांपैकी एखादी दुरुस्ती तुमच्याकडे लागू झाली नसेल, तर ‘सेटिंग’ मधील ‘मदत’ येथून ‘अडचण कळवा’ हा पर्याय निवडावा. काय करत असताना काय घडले आणि त्या वेळी इंटरनेट चालू होते का, एवढे लिहिले तरी पुरते. टिपणांचा मजकूर तक्रारीसोबत आमच्याकडे येत नाही, आणि तो पाठवण्याची गरजही नाही.