४०३ च्या पाइपचं पाणी माझ्या छतात, सेक्रेटरींना तिसरं पत्र

दि. १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

प्रति,
मा. सेक्रेटरी,
आपली सोसायटी, डोंबिवली पूर्व

विषय : बी-४०३ मधल्या लीक पाइपमुळे बी-३०३ च्या बेडरूमच्या छतातून पाणी गळतंय त्याबद्दल

सावंतकाका, नमस्कार.

ह्या विषयावरचं हे माझं तिसरं पत्र. पहिलं २२ सप्टेंबरला दिलं, दुसरं २० ऑक्टोबरला, दोन्हीच्या कॉपीवर ऑफिसचा शिक्का आणि तुमची सही आहे. दोन्ही वेळा तोंडी उत्तर एकच मिळालं, दोघं मेंबर आपापसात मिटवून घ्या. काका, मिटवायला भांडण तर पाहिजे ना. वरच्या भाडेकरूंशी माझं काही वाकडं नाही, ती पोरगी तर गळती बघायला स्वतः खाली आली आणि छत बघून तिचाच चेहरा पडला. प्रश्न पाइपचा आहे आणि पाइप बदलायचा निर्णय मालकाचा आहे, आणि मालक राहतात नाशिकला आणि माझा फोन उचलत नाहीत.

आधी आत्ता काय परिस्थिती आहे ते सांगते, कारण तुम्ही शेवटचं सप्टेंबरात येऊन बघितलं होतं तेव्हा नुसता चहाच्या बशीएवढा पिवळा डाग होता. तेव्हा सगळेच म्हणाले पावसाचं असेल, मीपण म्हटलं असेल बाबा. पाऊस गेला, डाग काही गेला नाही, उलट कपाटापासून पंख्यापर्यंत पसरला, मग रंगाला फुगे आले, मग पोपडे, आणि गेल्या रविवारी, १० तारखेला दुपारी तीनच्या सुमारास प्लास्टरचा एक तुकडा खाली आला. साधारण ताटाएवढा, दीड इंच जाड. आई रोज त्याच पलंगावर दुपारी पडते, त्या दिवशी भिशीला गेली होती म्हणून वाचली, ती ७६ वर्षांची आहे. जिथून तुकडा पडला तिथे दोन सळया उघड्या पडल्यात, गंज धरून फुगलेल्या, वरून हात लावला तर बिस्किटाचा थर निघतो तसा गंज हातात येतो.

आता आम्ही तिघं हॉलमध्ये झोपतो. बेडरूमच्या पंख्याच्या दांड्यावरून पाणी उतरायला लागलं म्हणून इलेक्ट्रिशियनने त्या खोलीची लाइन बोर्डापासून तोडून ठेवलीये, त्याआधी चार दिवस ईएलसीबी सारखा पडत होता आणि आम्हाला वाटत होतं गिझर बिघडलाय. खाली रंगाची रिकामी चार लिटरची बादली ठेवलीये. रात्री अकराला रिकामी करून ठेवली तर सकाळी सहाला पाऊण भरलेली असते, म्हणजे तीन लिटर, दिवसाला धरा दहा. बादलीत जुना टॉवेल टाकून ठेवते, नाहीतर रात्रभर त्या टपटपीने डोळ्याला डोळा लागत नाही.

आता मुद्द्याचं. मालकांनी भाडेकरूकडून निरोप पाठवला की बिल्डिंगच जुनी आहे, स्लॅबच पाणी पितोय, आमचं बाथरूम एकदम कोरडं आहे. बिल्डिंग १९९६ ची आहे हे खरं. पण पाणी कुठून येतंय हे मी अंदाजाने सांगत नाहीये, आपल्या सोसायटीच्याच प्लंबरला घेऊन शोधून काढलंय, त्याला विचारून खात्री करून घ्या.

आधी शंका नहाणी ट्रॅपची होती, सगळ्यांची असते. म्हणून भाडेकरूंच्या परवानगीने बाथरूमची जाळी कापडाने घट्ट बंद केली, दोन बादल्या पाण्यात कपड्याची नीळ घट्ट कालवून ते पाणी तीन तास साठवून ठेवलं. नंतर दोन दिवस माझ्या बादलीत एक थेंब निळा आला नाही. म्हणजे जमिनीतून किंवा ट्रॅपमधून झिरपत नाहीये. मग दिवाळीत ते लोक ३० ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर गावाला गेले, घराला कुलूप, कोणी आंघोळ करत नाही, कपडे धूत नाही, आणि माझ्याकडे गळती चालूच, तेवढीच. सांडपाण्याची लाइन असती तर घर बंद असताना थांबली असती ना? लक्ष्मीपूजनाला आमच्या बेडरूममध्ये पणतीऐवजी बादली होती, जाऊ दे.

शेवटची खात्री मंगळवारी १२ तारखेला केली. भाडेकरूंनी पाणी भरून ठेवलं आणि रात्री दहाला प्लंबरने डक्टमधला फक्त ४०३ चा व्हॉल्व्ह बंद केला. बारापर्यंत गळत होतं, मग मंदावलं, पहाटे साडेचारला उठून बघितलं तर बंद. बुधवारी सकाळी सातला व्हॉल्व्ह उघडला, आठ वाजायच्या आत परत टपटप सुरू. ह्याच्या पुढे आणखी काय पुरावा पाहिजे मला कळत नाही. व्हॉल्व्हच्या पुढची लाइन म्हणजे ४०३ ची स्वतःची लाइन, कॉमन लाइन नाही, त्यामुळे खर्च सोसायटीने करायचा प्रश्नच येत नाही आणि मी तर मुळीच करणार नाही.

त्यांचं बाथरूम कोरडं का दिसतं ते पण प्लंबरने समजावलं. गिझरकडे जाणारा पाइप बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत आहे, तो जुना जीआयचा आहे, आतून गंजून जॉइंटला सुटलाय. पाणी भिंतीच्या आतून खाली उतरतं, फ्लोअरिंगच्या खालच्या भरावात जातं आणि स्लॅबला जिथे बारीक भेग मिळेल तिथून माझ्याकडे. वर टाइल्स असल्यामुळे त्यांना थेंब दिसत नाही. प्लंबर म्हणाला ताई, टाइल वरून रेनकोट, आतून सगळं भिजलेलं.

आणि खरं दुखणं ह्या टाइल्सच आहेत काका, हे तुम्हालाही माहितीये. २०२१ मध्ये त्यांनी बाथरूम नवीन केलं, महिनाभर ड्रिलचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकला, छतापर्यंत महागड्या टाइल्स लावल्या आणि आतला पाइप १९९६ चाच ठेवला. आता त्या फोडायला जीवावर येतंय. त्या वेळी सोसायटीकडे रिनोव्हेशनच्या परवानगीचा अर्ज दिला होता, त्यात प्लंबिंग बदलणार असं लिहिलं होतं असं मला त्या वेळच्या कमिटीतल्या एकांनी सांगितलं. फाइल ऑफिसात असेल, कृपया काढून बघा. लिहिलं असेल तर त्यांच्याशी बोलणं सोपं होईल.

प्लंबरने सांगितलं की सगळं बाथरूम फोडायची गरज नाही. एका भिंतीवरच्या टाइल्सची दीड फुटाची उभी पट्टी काढायची, गिझरपर्यंतचा पाइप सीपीव्हीसीचा टाकायचा, प्रेशर देऊन रात्रभर बघायचं आणि मगच भिंत बुजवायची. दोन दिवसांचं काम, अंदाजे १५ हजार. आधीचा प्लंबर फक्त व्हाइट सिमेंट भरून गेला होता सप्टेंबरात, त्याचे पैसे फुकट गेले, पाइप गळत असताना वरून फटी भरून काय होणार. तेव्हा परत ते ग्राउटिंगचं नाटक नको.

माझ्याकडचं काम त्यानंतरचं. छत पूर्ण वाळायला महिनाभर तरी द्यायला लागेल. मग सुटलेलं सगळं प्लास्टर काढून, सळया घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरून, वर पुट्टी-रंग. दोन कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेतलंय, एक २२ हजार, एक २६ हजार, दोन्ही जोडलीयेत. हा खर्च ४०३ च्या मालकांनी द्यावा असं माझं म्हणणं आहे. त्यांनी स्वतः माणूस लावून करून दिलं तरी चालेल, फक्त नुसता रंग मारून नको, सळया उघड्या ठेवून वरून रंग म्हणजे पुढच्या वर्षी परत तेच.

सोसायटीचा ह्यात काय संबंध असं कमिटीतल्या एका सदस्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं. संबंध असा की उपविधीत स्वच्छ आहे, फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट-सिंक वगैरेच्या गळतीचा खर्च त्या फ्लॅटधारकाने करायचा. आणि सेक्रेटरीला आधी कळवून फ्लॅटची पाहणी करता येते, दुरुस्ती लागणार असेल तर मेंबरला नोटीस देता येते. हा अधिकार मला नाही, तुम्हाला आहे. मी वर जाऊन त्यांची टाइल फोडू शकत नाही. शिवाय गंजतायत त्या सळया स्लॅबच्या आहेत, स्लॅब माझा एकटीचा नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं, आपलं बाकी आहे हे एजीएममध्येच निघालं होतं, ऑडिटवाला आला तर आधी माझ्या छताचाच फोटो काढेल.

आता मला काय पाहिजे ते. येत्या बुधवारी २० तारखेला मतदानाची सुट्टी आहे. ४०३ च्या मालकांचं नाव अजून आपल्याच इथल्या मतदार यादीत आहे आणि ते लोकसभेला पण आले होते, तेव्हा ते येणार, भाडेकरूंनाही तसं कळवलंय त्यांनी. आज रविवार आहे, तुम्ही आजच लेखी नोटीस काढलीत, दारावर लावलीत आणि मालकांना मेल केलीत तर मध्ये तीन दिवस मिळतात. बुधवारी सकाळी अकराला तुम्ही, कमिटीतले आणखी एक जण आणि प्लंबर असे वर या, आधी पाच मिनिटं माझ्याकडे छत बघा आणि मग वर जा. मालकांसमोर परत एकदा व्हॉल्व्ह बंद-चालू करून दाखवू, त्यांचंही समाधान होईल. आणि पाइप बदलायची तारीख त्याच दिवशी लिहून घ्या, तोंडी नको, तोंडी मी तीन महिने ऐकतेय.

तोपर्यंत एक सोय करता येईल, भाडेकरूंची तयारी आहे. डक्टमधला ४०३ चा व्हॉल्व्ह फक्त सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते आठ उघडा ठेवायचा, बाकी वेळ बंद. वॉचमनला तुम्ही सांगितलं तर तो करेल, मी सांगितलं तर म्हणतो सेक्रेटरी साहेबांना विचारा, त्याचंही बरोबर आहे. लहान बाळ आहे त्यांच्याकडे, म्हणून कायमचं बंद ठेवा असं मी म्हणणार नाही.

३० तारखेपर्यंत काम सुरू झालं नाही तर मात्र मला कल्याणच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार द्यावी लागेल आणि गरज पडली तर कलम ९१ खाली सहकार कोर्टात जावं लागेल. तुम्हाला धमकी म्हणून लिहीत नाहीये, वीस वर्षं एका मजल्यावर राहतोय आपण, माझ्या लग्नाच्या पंगतीत तुम्ही वाढप केलंय. पण खाली पडलेला तुकडा मी पिशवीत भरून ठेवलाय, वजन केलं, दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं. तो बुधवारी तुमच्या हातात देते, मग बोलू.

सोबत : फोटो ११ (ऑगस्टपासूनचे, मागे तारखा लिहिल्यात), दोन कोटेशन, प्लंबरचं सहीचं पत्र, आधीच्या दोन पत्रांच्या कॉपी.

तुमची,
मीनल
बी-३०३

ता.क. हे पत्र मी ग्रुपवर टाकलेलं नाही. तिथे टाकलं की शंभर अंगठे येतात आणि पाइप तसाच राहतो. पोच म्हणून दुसऱ्या कॉपीवर आजची तारीख घालून सही करून द्या, संध्याकाळी मुलाला पाठवते.