आजचा डबा, वरच्या कप्प्यापासून तळापर्यंत

फोटो वाकडा आलाय. एका हातात झाकण होतं आणि शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणत होती, "काढ बाई लवकर, जीव चाललाय भुकेने."

वरच्या कप्प्यात गवार, मधल्यात पोळ्या, तळाला दहीभात. मागे दिसतेय ती बाटली मुळात कॉफीची, हल्ली कैरीच्या लोणच्याची. लोणचं स्टीलच्या डबीत द्यायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा.

आई डबा सकाळी सातला भरते, मी तो एकला उघडते. मधल्या सहा तासांत आत काय काय होणार, याचा हिशोब तिने आधीच करून ठेवलेला असतो. पोळ्याच घ्या. तव्यावरून उतरलेली पोळी तडक डब्यात जात नाही, आधी जाळीवर पडते. मी दारात चपला घालून उभी आणि पोळ्या निवांत वारा खातायत, असं आमचं रोजचं दृश्य. "गरम कोंडली की घाम येतो तिला, खालची भिजते," एवढंच उत्तर मिळतं. मग फडक्यात गुंडाळून आत. हे निळ्या ठिपक्यांचं फडकं माझ्या ओढणीचं आहे. मला विचारलं नव्हतं.

गवार सुरीने चिरलेली नाही, हाताने मोडलेली आहे. मोडताना शीर बोटांना लागते, सुरीला काय कळतंय. फोडणीत ओवा, वरून दाण्याचं कूट, गुळाचा खडा, आणि रस नावालासुद्धा नाही. रस्सा हा रात्रीचा पदार्थ, बसमधून न्यायचा नाही.

आता दहीभात, ज्यासाठी खरं तर हा फोटो काढला. यात सकाळी दही जवळजवळ नसतंच. कोमट भात दुधात कालवायचा आणि त्यात फक्त चमचाभर दही घालायचं. बाकीचं काम डबा करतो. मी मीटिंगमध्ये बसलेली असते तेव्हा तळाच्या कप्प्यात दही लागत असतं, आणि एक वाजता ते अगदी ताजं, गोडसर मिळतं. सकाळीच दही कालवलं असतं तर दुपारपर्यंत आंबट ढाण झालं असतं. भात कडकडीत गरम असला तर विरजण मरतं, गार असला तर लागायला वेळ लागतो, म्हणून ती पातेल्याला बाहेरून हात लावून बघते. उन्हाळ्यात चमचा अर्धा, थंडीत शिगोशीग. हे कुठे लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "हवा बघायची गं."

काकडीशेजारची कागदाची पुडी मिठाची आहे. आधी मीठ लावलं की काकडीला पाणी सुटतं आणि ते भाजीच्या दिशेने निघतं.

गवारीत आज लसूण नाही. शेजारची लसूण खात नाही, हे मी घरी कधीतरी जाता जाता बोलले होते. आईने तिला अजून पाहिलेलंही नाही. मी खाते तीन पोळ्या, डब्यात आहेत पाच. यावर आमच्यात काही बोलणं झालेलं नाही.

डब्यात चिठ्ठी वगैरे कधी नसते. साडेबाराला फोनवर मेसेज येतो. आजचा असा: "भात शेवटी खा. डबा उभा ठेवला होतास ना." प्रश्नचिन्ह नाही, कारण तो प्रश्न नाही.

संध्याकाळी "कसा झाला होता?" असंही ती विचारत नाही. डबा उघडते, काय उरलंय ते बघते आणि तिला कळतं. कारलं उरलं म्हणून कारलं बंद होईल असं कुणाला वाटत असेल, तर ते आमच्या आईला ओळखत नाहीत. पुढच्या वेळी चकत्या पातळ होतात. तरी उरलं तर आणखी पातळ, आणखी कुरकुरीत. अशाने मी कारलं खायला लागले, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगायची गरजही नाही, रिकामा कप्पा जातोच घरी.

गवार संपली. लसूण न खाणारीने शेवटचा घास मला न विचारता उचलला. अर्धी पोळी राहिलीय, तीही लोणच्याशी संपवतेय, नाहीतर उद्यापासून पोळ्या लहान यायला लागतील.

#डबा #गवार #दहीभात #पाचपोळ्या