डिजॉक्सिनवाल्या केसचा ड्राफ्ट एडिट केला, बघ

अगं तुझा ड्राफ्ट वाचला, केस भारी आहे पण तू ती लपवून ठेवलीयस. "सोमवारी", "त्याआधी तीन दिवस", "पुन्हा दोन दिवसांनी" असं वाचताना मीच बोटांवर मोजत बसले. म्हणून क्लॅरिथ्रोमायसिनचा पहिला डोस म्हणजे दिवस 0 धरला आणि सगळं त्यावरून लावलं. टाइमलाइन आता अशी:

"72 वर्षांची स्त्री, एट्रियल फिब्रिलेशनसाठी दोन वर्षं डिजॉक्सिन 0.25 मिग्रॅ रोज. दिवस 0: छातीच्या इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू. दिवस 3: मळमळ, जेवण कमी. दिवस 5: भिंत पिवळी दिसते अशी तक्रार. दिवस 6: चक्कर, भरती, दोन्ही औषधं बंद. दिवस 10: डिजॉक्सिन लेव्हल 1.3, नाडी 72, अनियमित."

फाइंडिंग्जमध्ये तू नॉर्मल सीबीसी, लिव्हर, थायरॉइड सगळं टाकलंयस, ते एका ओळीत गुंडाळलं. आणि खरी गोष्ट चौथ्या पानावर डिस्कशनमध्ये सापडली! फिब्रिलेशनचा पेशंट आणि नाडी 38 पण एकदम रेग्युलर, हाच तर क्लू होता ना, तो वर आणला:

"नाडी 38, नियमित. ईसीजीवर फिब्रिलेशन कायम, पण क्यूआरएस एकसारख्या अंतराने: कम्प्लीट हार्ट ब्लॉक, जंक्शनल एस्केप रिदम. पोटॅशियम 5.6, क्रिएटिनिन 1.6. डिजॉक्सिन लेव्हल 3.8 नॅनोग्रॅम प्रति मिलि, शेवटच्या डोसनंतर 9 तासांनी."

ते 9 तास नर्सिंग नोट्समधून शोधून काढले मी. डोसनंतर सहा तासांच्या आत घेतलेल्या लेव्हलला अर्थ नसतो, रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारणार.

"क्लॅरिथ्रोमायसिनमुळे विषबाधा झाली हे सिद्ध होते" हे वाक्य काढलं हं. एका पेशंटवरून काय सिद्ध होणार, शिवाय क्रिएटिनिन पण वाढलेलं होतं आणि ते आधीपासून होतं की उलट्या-मळमळीत वाढलं हे तू कुठेच लिहिलं नाहीस, जुना रिपोर्ट असेल तर टाक. सध्या असं लिहिलंय: "क्लॅरिथ्रोमायसिन पी-ग्लायकोप्रोटीन अडवते, त्यामुळे डिजॉक्सिन बाहेर टाकणे कमी होते. औषधांच्या क्रमावरून हा परस्परपरिणाम बहुधा कारणीभूत, किडनीचे कार्य कमी असल्याने त्यात भर."

लेसन्स सात होते. "हिस्टरी नीट घ्यावी" वगैरे कुठल्याही केसला चालतं, उडवलं. दोनच ठेवले: "डिजॉक्सिनवर असलेल्या पेशंटला क्लॅरिथ्रोमायसिन देण्याआधी पर्याय बघावा, द्यावेच लागले तर डोस कमी करून लेव्हल तपासावी. फिब्रिलेशनमध्ये नाडी अचानक हळू आणि नियमित झाली तर डिजॉक्सिनचा संशय घ्यावा."

फॅब अँटिबॉडी का दिली नाही ते मला माहीतेय, उपलब्ध नव्हती, पण वाचणाऱ्याला कसं कळणार, एक ओळ तू लिही. आणि आजींचा कन्सेंट फॉर्म फाइलला दिसला नाही, तो सापडल्याशिवाय सबमिट करू नकोस.