उपचार योजना आणि खर्चाचा अंदाज (इटालियनवरून मराठी अनुवाद)

दंतचिकित्सालय, बेर्गामो. दिनांक 14 मार्च 2025. मुदत 90 दिवस.
रुग्ण: स्त्री, वय 52.

निदान: दाढ क्र. 36 (खालची डावी पहिली मोठी दाढ) हिचे मूळ उभे चिरले आहे. दाढ वाचवता येणार नाही. शेजारच्या 35 आणि 37 ला कीड नाही, हिरड्या निरोगी.

सर्व पर्यायांना समान
स्केलिंग: 80,00 युरो
36 काढणे, शस्त्रक्रियेने: 130,00 युरो
बेरीज: 210,00 युरो

पर्याय अ: इम्प्लांट
थ्रीडी स्कॅन: 120,00
टायटॅनियम इम्प्लांट बसवणे: 1.050,00
अबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि क्राउन जोडणारा भाग: 250,00
झिर्कोनिया क्राउन: 700,00
समान खर्च धरून एकूण: 2.330,00 युरो
दाढ काढल्यावर 8 ते 10 आठवड्यांनी इम्प्लांट, त्यानंतर 3 महिन्यांनी क्राउन. हाड अपुरे निघाल्यास बोन ग्राफ्ट, जादा 450,00; त्याचा निर्णय स्कॅननंतर.

पर्याय ब: तीन दातांचा ब्रिज (35-36-37)
झिर्कोनिया, 3 × 620,00: 1.860,00
तात्पुरता ब्रिज, 3 × 60,00: 180,00
समान खर्च धरून एकूण: 2.250,00 युरो
35 आणि 37 घासून लहान करावे लागतील. घासल्यावर नस दुखावल्यास रूट कॅनॉल, प्रत्येक दाताला 300,00, जादा.

पर्याय क: काढता-घालता येणारी एका दाढेची कवळी
480,00, समान खर्च धरून एकूण: 690,00 युरो

पैसे: स्वीकृतीच्या वेळी 30%, इम्प्लांट किंवा तात्पुरता ब्रिज बसल्यावर 40%, शेवटी 30%. कवळीसाठी निम्मे आधी, निम्मे हातात मिळाल्यावर. वैद्यकीय सेवा असल्याने व्हॅट नाही. 77,47 युरोवरील प्रत्येक बिलावर 2 युरोचा स्टॅम्प.

अनुवादकाच्या टिपा
आकडे मूळ कागदाप्रमाणेच ठेवले आहेत: इटलीत टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी, म्हणजे 1.050,00 हे एक हजार पन्नास.

अ आणि ब यांत 80 युरोचाच फरक दिसतो, पण तो कागदावरचा. ग्राफ्ट लागला तर अ 2.780 वर जातो; एका दाढेला रूट कॅनॉल लागले तर ब 2.550 वर, दोन्हींना लागले तर 2.850 वर. शिवाय ब मध्ये दोन निरोगी दात कायमचे घासले जातात, ही गोष्ट किमतीत कुठेच दिसत नाही. दुसऱ्या क्लिनिकचा अंदाज समोर ठेवताना आधी अबटमेंटची ओळ शोधा: ते अनेकदा क्राउनच्या किमतीत धरलेले असते, आणि मग तिथला क्राउन उगाच महाग वाटतो.

मूळ कागदावर टाके काढणे आणि तपासणीच्या फेऱ्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या मोफत आहेत का, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारा.

आयकरात वर्षाच्या वैद्यकीय खर्चातून 129,11 युरो वगळून उरलेल्यावर 19% सवलत मिळते, पण पैसे कार्डाने किंवा बँकेतून दिले असतील तरच. पर्याय अ चे हप्ते दोन वर्षांत विभागले गेले, तर 129,11 दोनदा वगळले जातील.