चौथी ब पालक ग्रुप : संमेलनाच्या पैशांबद्दल

नमस्कार मंडळी. मी सईची आई.

काल रात्री पावणेअकरापासून साडेबारापर्यंत जे चाललं होतं ते सगळं वाचलं. तेव्हा मुद्दामच काही लिहिलं नाही, लिहिलं असतं तर मीही त्यातलीच एक झाले असते. ग्रुपला कुलूप लावा असं दोघांनी मला वेगळं कळवलं. ते मी करणार नाही. इथे बोललं नाही तर गेटवर बोललं जाईल, आणि ते जास्त वाईट.

ईशानचे बाबा, आधी तुमच्याशी. तुमचा प्रश्न रास्त आहे. मागच्या वर्षी 900 होते, यंदा 1450. डायरीत एका ओळीची चिठ्ठी, हिशेब नाही, भरायला फक्त दोन दिवस. धाकटीही याच शाळेत, म्हणजे घरातून 2900. महिन्याच्या 24 तारखेला हे कळल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरलं होतं. पण "मॅडमचं कमिशन असणार" ही ओळ तेवढी मागे घ्या. मॅडम याच ग्रुपमध्ये आहेत, त्यांनी ती वाचली आहे आणि उत्तर दिलेलं नाही. पैसे ऑफिस ठरवतं, मॅडम फक्त पाकिटं गोळा करतात आणि वहीत टिक करतात. त्यातून त्यांच्या हाती डोकेदुखीशिवाय काही लागत नाही.

स्वराची आई, तुम्ही मॅडमची बाजू घेतलीत हे चांगलंच केलंत. पण "एका पिझ्झ्याचे पैसे आहेत, परवडत नसेल तर भाग घेऊ नका" हे लागणारं आहे. कोणाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. त्या वाक्यानंतर तीन जण गप्प झाले, ते माझ्या लक्षात आलंय.

आज सकाळी सईला सोडून मी ऑफिसात गेले. अर्धा तास बाकावर बसवलं, पण हिशेब मिळाला. एका मुलामागे:

ड्रेसचं भाडं 450
मेकअप 100
हॉल, साउंड, लाइट 480
नाश्ता 120
फोटो आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह 300

वाढ मुख्यतः हॉलची आहे. मैदानावर नव्या इमारतीची खडी आणि सळया पडल्यात, त्यामुळे मागच्या वर्षीसारखा मांडव घालता येत नाही. हे चिठ्ठीत दोन ओळींत लिहिलं असतं तर कालची रात्र शांत गेली असती, असं मी तिथे स्पष्ट सांगून आले.

पेनड्राइव्ह सक्तीचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. नको असेल त्यांनी 1150 भरायचे आणि पाकिटावर "पेनड्राइव्ह नको" लिहायचं. मुदत उद्याऐवजी सोमवारपर्यंत वाढवून घेतली आहे. ड्रेसचे 200 डिपॉझिट वेगळे आहेत, ते ड्रेस परत दिला की मिळतात. मागच्या वर्षी काहींना मिळाले नव्हते, म्हणून यंदा पावती घ्याच.

बहिणभाऊ दोघं शाळेत असतील तर हॉलचा खर्च एकदाच धरता येईल का, यावर "विचारून सांगतो" एवढंच उत्तर मिळालं. हे आपल्याला लेखी मागावं लागेल.

कोणीतरी कायद्याचं लिहिलं होतं. 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे मंजूर फीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते. मग हा खर्च त्या फीत धरलाय की बाहेरचा, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. पण ते अर्जाने विचारू, रात्री अकराला तीन लाल तोंडांच्या इमोजींनी नको. अर्ज मी लिहिते. समितीत चिठ्ठीने नाव निघालंय तर थोडं काम करू दे मला.

ज्यांना खरंच अडचण आहे त्यांनी ग्रुपवर काही लिहू नका. मला फोन करा. पैशांपायी कोणाचं मूल नाचातून बाहेर पडणार नाही, ते कसं करायचं ते मी बघते. नाव कोणाला कळणार नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

आणि एक. काल माझा फोन सईच्या हातात होता. सकाळी दात घासता घासता तिने विचारलं, "आई, ईशानला काढणार का? मग नाखवा कोण होणार?" कोळीनृत्यात तो पुढे आहे आणि ती त्याच्या मागच्या होडीत. घरी केरसुणीचं वल्हं करून सराव चालू आहे. पोरं हा ग्रुप वाचतात, एवढं लक्षात असू द्या.

शनिवारी सकाळी 9 वाजता, सराव सुरू असताना, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटू. अर्जावर सह्या तिथेच करू. ईशानचे बाबा, तुम्ही नक्की या, आकडेमोड तुमचीच चांगली आहे. स्वराची आई, तुम्हीही या. चहा माझ्याकडून, त्याची वर्गणी नाही.

तोपर्यंत या विषयावर इथे फक्त प्रश्न विचारा, टोमणे नकोत. उद्याच्या गणिताच्या वर्कशीटचा फोटो कोणीतरी टाका, सईची पुन्हा शाळेतच राहिली आहे.