पहिल्या ऑर्डरनंतरची चार पत्रं

पहिलं पत्र (ऑर्डर आल्याबरोबर)
विषय: ऑर्डर मिळाली, आणि आगळाबद्दल एक गोष्ट

नमस्कार,

कोकम आगळाची ७५० मिलीची बाटली आणि आमसुलांचं पाव किलोचं पाकीट, अशी तुमची ऑर्डर मिळाली. आमच्याकडची ही तुमची पहिलीच खरेदी. मनापासून आभार.

पार्सल उद्या दुपारी वेंगुर्ल्याहून निघेल. मुंबई-पुण्यात चार दिवस लागतात, त्यापुढे एखादा दिवस जास्त. निघाल्यावर ट्रॅकिंग नंबर मेसेजने येईल.

बाटली हातात येण्याआधी एवढं सांगायचंच आहे: आगळ म्हणजे सरबत नव्हे. सरबतात साखर असते. आगळ म्हणजे रातांब्याचा नुसता रस आणि मीठ. गेल्या उन्हाळ्यात एका ताईंनी सरबत समजून पाहुण्यांना अर्धा ग्लास आगळ पाण्यात घालून दिलं आणि सगळ्यांची तोंडं खारट झाली. बाटलीवर आम्ही ते ठळक लिहिलं नव्हतं. आता लिहितो, आणि पत्रातही सांगतो.

आई, वहिनी आणि मी
उभादांडा, वेंगुर्ले

दुसरं पत्र (पार्सल पोचल्याच्या दिवशी)
विषय: बाटली नीट पोचली का?

नमस्कार,

खोका उघडल्यावर आधी बाटलीचं बूच बघा. खोका ओला असेल किंवा बूच सैल झालं असेल तर फोटो काढून याच मेलला उत्तर द्या, दुसरी बाटली पाठवू. फुटकी बाटली परत पाठवायची गरज नाही. मागे एका कुरिअरने खोका आडवा टाकला आणि अख्खी बाटली आमसुलांवर सांडली. तेव्हापासून बुचाला मेण लावतो आणि बाटली वेगळ्या पिशवीत बांधतो.

आगळ काचेच्या बाटलीतच राहू द्या. तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतून ठेवू नका, आंबट रस धातूला लागतो. आमसुलं काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीत भरा आणि ओला चमचा घालू नका. काही दिवसांनी त्यांच्यावर पांढरे कण दिसतील. बोटाने चोळून बघा: कडक, खरखरीत लागले तर ते मीठच आहे. मऊ, कापसासारखं काही दिसलं तर मात्र आम्हाला कळवा.

आई, वहिनी आणि मी

तिसरं पत्र (आठवड्याने)
विषय: रविवारी सोलकढी करा

नमस्कार,

आगळ बहुतेक अजून कपाटातच असेल. नवीन घरात ते तसंच होतं, म्हणून आज आईची सोलकढी.

एक नारळ खवून कोमट पाण्यात वाटा आणि पिळून तीन वाट्या दूध काढा. दोन लसणाच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून त्यात घाला. मग आगळ, एकेक चमचा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला दुधाचा रंग फिका गुलाबी होतो, तिथे थांबा आणि चाखा. मीठ शेवटी, कारण आगळात ते आधीच आहे. गाळा, वर कोथिंबीर. गॅसवर ठेवू नका, नारळाचं दूध फुटतं. आई म्हणते, वाट बघत बसलेल्या सोलकढीला चव नसते. केली की तासा-दोन तासांत प्यावी.

आमसुलं आमटीत घालताना आधी डाळ पूर्ण शिजू द्या. आंबट आधी पडलं की डाळ शिजायला वेळ लागतो. बांगड्याच्या तिखल्यात चार-पाच पुरतात.

सरबतच प्यायचं असेल तर ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ, चवीपुरती साखर आणि चिमूटभर जिरेपूड.

आई, वहिनी आणि मी

चौथं पत्र (महिन्याने)
विषय: कसं वाटलं ते सांगा

नमस्कार,

महिना झाला. आगळ फार खारट वाटलं का? आमसुलं मऊ होती की कडक? दोन ओळी लिहा, वाईट असलं तरी. आमसुलं करताना साली रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं पाच-सहा वेळा चालतं. मीठ कुठल्या खेपेला किती टाकायचं ते वहिनी ठरवते, आणि तुमची पत्रं ती स्वतः वाचते.

रातांबे एप्रिल-मेमध्ये उतरतात आणि जूनचा पाऊस यायच्या आत सगळं वाळवून व्हावं लागतं. त्यामुळे वर्षाचा माल एकदाच होतो आणि संपला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नसतो. नवा माल तयार झाला की एक पत्र आणि दिवाळीआधी एक, एवढंच पाठवू. तेही नको असेल तर उत्तरात 'नको' लिहा, यादीतून नाव काढतो.

बाटली संपली असेल तर धुऊन ठेवा, घरचं लोणचं तिच्यात चांगलं राहतं.

आई, वहिनी आणि मी
उभादांडा, वेंगुर्ले